‘धाकटी काल पळून गेली’: मराठी कीबोर्ड घडवणाऱ्यांना खुलं पत्र

मोबाइलवरचे मराठी कीबोर्ड घडवणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापैकी कोणा एकाला नाही. ज्या कीबोर्डमुळे आमच्या घरात एक अख्खी दुपार पेटली, त्याचं नाव मी लिहिणार नाही. नंतर मी दुसरेही बसवून पाहिले आणि त्याच वाक्यावर तेही कमीअधिक तसेच घसरले. तेव्हा तक्रार सगळ्यांकडेच आहे. मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, त्यामुळे या प्रकरणात घरच्यांपेक्षा थोडी जास्त खोलात गेले. आधी प्रकरण सांगते, मग मागणं मागते.

आमचे काका घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. एरवी काका कुटुंबाच्या ग्रुपवर लिहितात ते पत्र लिहावं तसं, पूर्णविराम, स्वल्पविराम सगळं जिथल्या तिथे. भाच्याने ‘आणी’ लिहिलं तर खाली ‘आणि’ एवढाच शब्द लिहून मोकळे होतात. ‘बघून’ हा शब्द त्यांना बोलीतला वाटतो, लिहिताना ते न चुकता ‘पाहून’ लिहितात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका हाताने टाइप करायला वेळ लागतो म्हणून चुलतभावाने त्यांना स्वाइप शिकवलं. फोन टेबलावर ठेवायचा, डाव्या हाताचं बोट पहिल्या अक्षरावर टेकवायचं आणि न उचलता बाकीच्या अक्षरांवरून फिरवत न्यायचं. कळांवर इंग्रजी अक्षरं, वर उमटणार देवनागरी. काका खूश झाले. माझी धाकटी बहीण आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेली होती, त्याबद्दल त्यांनी जेवणानंतर ग्रुपवर चार ओळी टाकल्या:

‘धाकटी काल पळून गेली. फार बरं वाटलं. बाकीच्या मुलांनीही जमेल तसा वेळ काढावा. घाई नाही.’

एवढं पाठवून काकांनी दुखण्यावरची गोळी घेतली, फोन उपडा ठेवला आणि झोपले.

आता आमच्या घराण्यात ‘धाकटी’ ही एक व्यक्ती नाही, ते पद आहे, आणि सध्या त्यावर तिघी आहेत. एक माझी बहीण. दुसरी आत्याची धाकटी मुलगी. तिसरी मोठ्या काकांची धाकटी नात, वय वर्षं सहा. काकांच्या घरात धाकटी म्हणजे माझी बहीण, त्यामुळे त्यांना नाव लिहायची गरज वाटली नाही. वाचणाऱ्या प्रत्येक घराने मात्र आपापली धाकटी धरली.

पहिली उठली ती वहिनी. तिने संदेशातला ‘काल’ वाचलाच नाही. ‘पळून गेली’ एवढं वाचलं आणि तडक शाळा गाठली. फाटकावरच्या माणसाला ती काय म्हणाली ते ती अजून सांगत नाही. मुलगी वर्गात मातीचा हत्ती करत बसली होती.

आईने माझ्या बहिणीला फोन लावला, तो बंद. बहीण प्रयोगशाळेत काम करते, तिथे फोन बाहेर कपाटात ठेवून आत जावं लागतं. हे आईला माहीत आहे, गेली कित्येक वर्षं माहीत आहे, पण त्या क्षणी बंद फोन हा पुरावाच झाला. आईने ग्रुपवर लिहिलं, ‘भाऊजी, तुम्हाला कोणी सांगितलं? आणि बरं काय वाटलं त्यात?’ खाली मोठ्या काकांचा अंगठा आला. मोठे काका काहीही न वाचता सगळ्याला अंगठा देतात. पण तो अंगठा मूळ संदेशाला होता, आणि घरातल्या थोरल्याची या प्रकाराला संमती आहे असा त्याचा अर्थ लावला गेला. एका चुलतमामांनी तर ‘काळ बदलला आहे, दोघांना आशीर्वाद’ असंही लिहून टाकलं. दोघं कोण, हे कोणी विचारलं नाही.

खरा स्फोट आत्याकडे झाला. आत्याच्या धाकटीने तो संदेश कामावर वाचला. तिला वाटलं, आपलं बिंग फुटलं. तिचं कोणावर तरी मन होतं आणि घरी कसं सांगावं हे ठरत नव्हतं. काकांनी आपल्याला कुठेतरी पाहिलं, आपण पळून जाणार असं त्यांना वाटलं आणि ‘घाई नाही’ हा आपल्यालाच दिलेला सल्ला आहे, असं तिने जुळवलं. (त्या चार ओळी तिच्या नजरेने परत वाचा. प्रत्येक शब्द बसतो.) तिने थेट आईला फोन केला आणि म्हणाली, ‘मी पळून वगैरे जाणार नव्हते, तुला सांगणारच होते.’ आत्या तोपर्यंत माझ्या बहिणीच्या काळजीत होती. तिला आधी कळेचना की ही कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली. हे मी तिच्या लेकीला विचारूनच लिहीत आहे. मुलगा सगळ्यांना आवडला आहे.

काका उठले तेव्हा ग्रुपवर रणधुमाळी चालू होती. पाठवलेला संदेश दुरुस्त करायची मुदत पंधरा मिनिटांची, ती झोपेत उलटून गेली होती. मग त्यांनी खुलासा करायला घेतला. स्वाइपनेच.

‘नाही नाही. पळून नाही, पळून.’

आत्या: ‘दादा, कळलं रे! पळून गेली हे कळलं! पण कोणाबरोबर?’

काकांनी आता बोट जपून, आखूड फिरवलं. ‘पळून नव्हे. पडून.’

आत्या: ‘पळताना पडली? लागलं का तिला?’

आई: ‘कुठल्या दवाखान्यात आहे?’

शेवटी काकू आल्या, म्हणाल्या ‘अहो, द्या तो इकडे’, आणि आवाजी संदेश सोडला: ‘धाकटी काल ह्यांना बघून गेली. ब-घू-न. भेटायला आली होती. आता सगळे गप बसा.’ थोड्या वेळाने बहीण प्रयोगशाळेतून बाहेर आली, सगळं वाचलं आणि लिहिलं, ‘मी कामावर आहे. माझ्याबरोबर पळालेला कोणाला भेटला तर त्याला येताना दूध आणायला सांगा.’

हसून झालं, विषय संपला. एक गोष्ट सोडून. काका पुन्हापुन्हा सांगत होते, ‘मी पाहून लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर पाहून उमटलं होतं. मग पळून कसं झालं?’ सगळे म्हणाले, गोळीची गुंगी असेल. काकू म्हणाल्या, चष्मा बदला. जो माणूस आयुष्यभर इतरांची वेलांटी सुधारत आला, त्याला आपण काय लिहिलं हे धड दिसत नाही असं ठरलं, आणि तेच त्यांना फार लागलं.

काका बरोबर होते. पत्र लिहायचं कारण हे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच फोनवर, टेबलावर ठेवून, डाव्या हाताच्या बोटाने तेच वाक्य काढलं. ‘धाकटी’, ‘काल’, मग p-a-h-u-n. पडद्यावर ‘पाहून’ आलं. थांबले, नीट वाचलं, ‘पाहून’च होतं. मग ‘गेली’ काढलं. बोट उचललं त्या क्षणी ‘गेली’ उमटलं आणि त्याच्या मागचं ‘पाहून’ बदलून ‘पळून’ झालं. ना आवाज, ना रंग, ना रेघ. नजर ‘गेली’वर असते, मागे काय झालं ते दिसत नाही. मग तसंच ‘पाहून’ काढून पुढे ‘आनंद झाला’ लिहिलं, तर ‘पाहून’ जागच्या जागी राहिलं. ‘पाहून ठेव’ लिहिलं, तेही टिकलं. पुढे ‘गेली’ आलं की घात.

तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण पत्र खुलं आहे, म्हणून इतरांसाठी सांगते. स्वाइपमध्ये कीबोर्ड तुमची अक्षरं मोजत नाही, तुमच्या बोटाने काढलेला आकार पाहतो. श्युमिन झाय आणि पर ओला क्रिस्टेन्सन यांनी २००४ साली मांडलेल्या पद्धतीचं मूळ हेच होतं: कळांवरून जाणारा प्रत्येक शब्द म्हणजे एक रेघ, आणि काढलेली रेघ शब्दकोशातल्या कुठल्या शब्दाच्या रेघेशी सर्वांत जास्त जुळते ते शोधायचं. आता ‘पाहून’ची रेघ पाहा. p वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला, तिथून a म्हणजे मधल्या ओळीचं डावं टोक, मग त्याच ओळीत उजवीकडे h पर्यंत, मग वर u, खाली n. मधल्या ओळीत डावीकडून अक्षरं आहेत a, s, d, f, g, h, j, k, l. त्यात h सहावं. d तिसरं. l नववं. म्हणजे बोट a वरून निघून बरोबर सहाव्या कळीवरून वळलं तर ‘पाहून’, तिसरीवरूनच वळलं तर p-a-d-u-n, ‘पडून’, आणि पुढे घसरत नववीपर्यंत गेलं तर p-a-l-u-n, ‘पळून’. सुरुवात तीच, शेवट तोच, फरक फक्त मधल्या धावेच्या लांबीचा. फोनवरची एक कळ साधारण सहा-सात मिलिमीटर रुंद असते. h पासून l जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि दोघांच्या मधली सीमा त्याच्या निम्म्यावर. नवख्या डाव्या हाताला एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. काकांचं बोट आधी पुढे गेलं, मग धास्तीने अलीकडे राहिलं. त्या दुपारचे तिन्ही शब्द एकाच ओळीवर आहेत.

पण नुसत्या आकारावर निवाडा होत नाही, तसा झाला असता तर आधी आलेलं ‘पाहून’ मागाहून बदललंच नसतं. दुसरा हिशेब शेजाऱ्यांचा असतो: या शब्दाच्या पुढेमागे कोणते शब्द सहसा येतात. दोन्ही हिशेबांचा गुणाकार करून ज्याचा आकडा मोठा तो शब्द जिंकतो. समजा रेघ ‘पाहून’कडे झुकलेली आहे, ‘पाहून’ला सहा गुण आणि ‘पळून’ला चार. एवढ्यावर ‘पाहून’ पुढे. मग ‘गेली’ आलं. कीबोर्डने वाचलेल्या मजकुरात ‘पळून गेली’ ही जोडी ‘पाहून गेली’च्या दहापट आहे असं धरा. आता सहा एके सहा, आणि चार दाहे चाळीस. कीबोर्ड म्हणतो, अरे, मगाशी मी चुकीचं वाचलं होतं. आणि मागे जाऊन बदलतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपण आहे, कारण पुढचा शब्द कळल्यावर मागचा नीट लागतो हे खरंच आहे. ‘गेली’ऐवजी ‘आनंद’ आलं असतं तर त्याच शहाणपणाने ‘पळून’ काढून ‘पाहून’ बसवलं असतं.

ती दहापट कुठून येते, हे तुमच्यापैकी मराठी बोलणाऱ्यांनी तरी मनावर घ्यावं. ‘पळून गेली’, ‘पळून गेला’, ‘पळून गेले’ हे बातम्यांचं मराठी आहे, रोज छापून येतं. ‘पाहून गेली’ हे घरातलं मराठी. येऊन, काम उरकून, परत जाणं अशी तीन पावलं आपण एका जोडीत मांडतो: भेटून गेली, सांगून गेली, बसून गेली, पाहून गेली. दुखणाईताच्या घरात हे वाक्य दिवसातून दोनदा बोललं जातं आणि छापलं जवळजवळ कधीच जात नाही. त्यातून रोमन अक्षरांचं आणखी एक वळण: l म्हणजे ल की ळ, n म्हणजे न की ण, हेही कीबोर्डलाच ठरवायचं. आधी रेघेवरून अक्षरं ओळखायची, मग अक्षरांवरून शब्द. दोन्ही वेळा अडलं की शेजार पाहायचा, आणि शेजार बातम्यांमधून शिकलेला.

वर आणखी एक. काकांनी पहिला संदेश न बदलता पाठवला. अनेक कीबोर्ड असा शब्द ‘मालकाला मान्य’ म्हणून नोंदवून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याचं वजन वाढवतात. म्हणजे खुलासा करायला बसलेल्या काकांच्या विरुद्ध त्यांचाच मघाचा संदेश साक्षीला उभा होता. ‘पळून नाही, पळून’ यात बोटाची चूक होतीच, पण सगळी बोटाची नव्हती. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाने तो शब्द इतक्या वेळा लिहिला की आता आमच्यापैकी कोणाच्याही फोनवर ‘प’ काढला तरी सुचवण्यांमध्ये ‘पळून’ हजर असतं.

आता माझा धंदा मध्ये आणते. चुका दोन जातीच्या असतात. एक, जी शब्दच राहत नाही. ‘पाहून’चं ‘पाहूम’ झालं तर कोणीही ओळखतो, यंत्रही ओळखतं. फ्रेडरिक डॅमराऊ यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की लेखनातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका एकाच अक्षराच्या असतात: एक गळलेलं, एक वाढलेलं, एक बदललेलं किंवा शेजारची दोन उलटलेली. त्या पकडण्यात तुम्ही आता तरबेज आहात, त्याबद्दल मनापासून आभार. दुसरी जात म्हणजे बरोबर लिहिलेला चुकीचा शब्द. ‘पळून’मध्ये शोधण्यासारखं काही नाही. ऱ्हस्वदीर्घ नीट, शब्द कोशात आहे, वाक्य व्याकरणात बसतं. तांबडी रेघ येणार कुठून? आम्हा मुद्रितशोधकांना या जातीचं भय सर्वांत जास्त, कारण ती फक्त अर्थ वाचणाऱ्याला सापडते, आणि मजकूर तपासताना अर्थात रमायचं नाही ही आमची पहिली शिकवण.

दुरुस्त करणाऱ्यानेच ही दुसऱ्या जातीची चूक निर्माण करणं नवीन नाही. इंग्रजीत त्याला नावसुद्धा आहे, क्यूपर्टिनो परिणाम. जुन्या काही शब्दतपासनिसांच्या कोशात cooperation हा शब्द फक्त मधली आडवी रेघ देऊन, co-operation असा होता. रेघेशिवाय लिहिला की तो चूक ठरायचा, आणि जागी कॅलिफोर्नियातल्या Cupertino या गावाचं नाव बसायचं. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांमध्येही ‘सहकार्या’च्या जागी हे गाव शिरलेलं सापडतं. ते लिहिणारे, टंकणारे, तपासणारे सगळे वाकबगार होते. तरी गाव राहिलं, कारण यंत्राने बदललेला शब्द न बदललेल्या शब्दासारखाच दिसत होता.

मुद्रितशोधक कितीही मोठा असो, मजकुराला हात लावला की समासात खूण करतो. शब्द खोडला तर खोडलेला दिसतो, नवा घातला तर कुठे घातला ते दिसतं. लेखकाला ती दुरुस्ती नको असेल तर तो खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देतो आणि मूळ शब्द परत येतो. आमच्या दुरुस्त्या चुकत नाहीत असं नाही, खूप चुकतात. पण त्या दिसतात. तुमची दिसत नाही. माझं भांडण चुकीशी नाही, न दिसण्याशी आहे.

स्वाइपच बंद करा असं मी म्हणणार नाही. ते बंद केलं तर काका मुके होतात. दुरुस्ती बंद ठेवायचा पर्याय आहेच, असं तुम्ही म्हणाल. आम्ही तोही करून पाहिला. टकटक करून लिहिताना त्याचा उपयोग होतो, स्वाइपमध्ये फारसा नाही, कारण तिथे प्रत्येक शब्द मुळातच अंदाज असतो, दुरुस्तीच्या आधीपासून. तेव्हा अंदाज बांधा, पण जो शब्द पडद्यावर एकदा उमटला आणि माणसाने वाचला, तो आता त्याचा झाला. तो मागे जाऊन बदलायचा असेल तर संदेश पाठवेपर्यंत त्याच्या खाली काहीतरी दिसू द्या, ठिपके द्या, फिकट रंग द्या. त्यावर बोट टेकवलं की आधीचा शब्द वर यावा. बऱ्याच कीबोर्डवर दुरुस्ती झाल्या झाल्या मागे खोडायची कळ दाबली की जुना शब्द परत येतो, पण ती सोय शेवटच्या शब्दापुरती. मागच्या शब्दासाठी तीच सोय द्या.

आणि जेव्हा दोन्ही शब्द कोशातले आहेत, दोन्ही व्याकरणात बसतात, तेव्हा मागे जायचा उंबरठा चढा ठेवा. ‘पाहूम’चं ‘पाहून’ करायला मला विचारू नका. ‘पाहून’चं ‘पळून’ करायला मात्र विचारा. या दोन कामांना तुम्ही एकाच मापाने मोजता, कारण गणिताला दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यात चुकलात तर वाचणारा हसून पुढे जातो. दुसऱ्यात चुकलात तर वहिनी शाळेच्या फाटकावर असते.

शिकण्याबद्दलही बोलायचं आहे. संदेश गेला म्हणजे शब्द मान्य झाला, हे गृहीतक सोडा. विशेषतः जो शब्द तुम्हीच मागून बसवलात त्याला मालकाची पसंती म्हणून गुण देऊ नका. हे म्हणजे मी लेखकाच्या मजकुरात माझा शब्द घुसवायचा आणि पुढच्या आवृत्तीत ‘लेखकाची शैलीच अशी आहे’ म्हणून तो कायम करायचा, त्यातला प्रकार. चुलतभावाने काकांच्या फोनमधली शिकलेल्या शब्दांची यादी पुसून टाकली तेव्हा कुठे ‘पळून’ मागे हटलं. त्यात काकांनी आजवर शिकवलेली सगळी आडनावंही गेली. आता ते ती पुन्हा शिकवत आहेत, कीबोर्डला ओरडत.

काकांनी स्वतः तुमच्यासाठी काही वाक्यं काढून दिली आहेत. कीबोर्डची नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी कोणा नवख्या माणसाला, त्याच्या सवयीच्या नसलेल्या हाताने, ती स्वाइप करायला लावा. ‘ताई दोन दिवस राहून गेली.’ r वरून a आणि a वरून h कडे जाताना वाटेत d लागतं, म्हणून यातून ‘रडून गेली’ निघतं का ते बघा. ‘काकू सांगून गेल्या.’ g आणि d मध्ये एकच कळ आहे, ‘सांडून गेल्या’ झालं तर कळवा. ‘मामा सगळी कामं करून गेले.’ k आणि m वरखाली शेजारी आहेत. ‘मारून गेले’ होऊ देऊ नका, मामांना रक्तदाब आहे. आणि अर्थात, ‘धाकटी काल पाहून गेली.’ हे शेवटचं वाक्य तुमच्या कीबोर्डवर जसंच्या तसं टिकलं तर त्या आवृत्तीचा क्रमांक मला कळवावा. काकांचं प्लास्टर निघालं आहे, पण स्वाइप सोडायला ते तयार नाहीत, आणि ‘बघून’ लिहायला तर मुळीच नाहीत.

कळावे,

आपली,
एक मुद्रितशोधक (आणि तिघींपैकी एका धाकटीची थोरली बहीण)